धोंडा की खडक? नाशिकच्या एका बोअरहोलमधल्या रिफ्युजलचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. जागा ओळखू येऊ नये म्हणून पत्ता सांगत नाही, माणसांची नावं टाळली आहेत आणि पातळ्यांचा आधारबिंदू १००.०० मीटर असा सोयीने धरला आहे. मी तेव्हा या कामाचा भू-तांत्रिक सल्लागार होतो. साइटवर आमच्याकडे नव्याने लागलेली एक प्रशिक्षणार्थी अभियंता होती. पहिली चूक तिने लिहिली. त्या चुकीला वाट मात्र माझ्या कागदाने करून दिली होती.

पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या दक्षिणेकडे, एका नाल्यालगतच्या भूखंडावर पार्किंग अधिक सात मजल्यांची इमारत व्हायची होती. पाच बोअर ठरले होते. नाशिकमध्ये जमीन तपासणीचं काम वरवर सोपं वाटतं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मऊ खडक आणि मग काळा बेसाल्ट, असा क्रम इतक्या ठिकाणी मिळतो की माणूस बोअर घ्यायच्या आधीच मनात लॉग लिहून मोकळा होतो.

एक नंबरच्या बोअरमध्ये हाच क्रम आला. जमिनीपासून ५.० मीटरवर एसपीटीला रिफ्युजल मिळालं आणि पुढे ३ मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढला. दोन नंबरमध्ये ५.३ मीटरवर रिफ्युजल आलं, तिथेही कोअर काढला. दोन्हीकडे आधी पिवळट मऊ खडक, मग घट्ट बेसाल्ट.

एसपीटी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोअरच्या तळाशी स्प्लिट स्पून नावाची, उभी दोन भागांत उघडणारी नळी टेकवतात आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून तिच्यावर टाकतात. पहिले १५ सेंटीमीटर बसण्यासाठी सोडून देतात, पुढच्या ३० सेंटीमीटरला लागलेले ठोके मोजतात, तो आकडा म्हणजे N. पन्नास ठोके मारूनही नळी १५ सेंटीमीटर जात नसेल तर सहसा रिफ्युजल म्हणून थांबतात. म्हणजे ‘नळी पुढे जात नाही’ एवढंच रिफ्युजल सांगतं. नळीच्या टोकाखाली काय आहे, किती जाड आहे आणि कशावर टेकलं आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

तीन नंबरचा बोअर

तिसऱ्या दिवशी रिग नाल्याच्या बाजूला, तीन नंबरवर लागली. ३.४ मीटरवर पन्नास ठोक्यांत नळी ४ सेंटीमीटर गेली. हातोडा उसळू लागला, स्पूनच्या टोकाची धार वाकली. ड्रिलर चाळीस वर्षं या धंद्यात असलेले, साइटवर सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, “मॅडम, खडक लागला. चार नंबरला चला.”

तिने करार उघडून पाहिला. त्यात लिहिलं होतं: ‘बोअरची खोली १० मीटर किंवा रिफ्युजल, यांपैकी जे आधी येईल ते.’ ओळ माझ्या हातची होती, जुन्या एका कामातून जशीच्या तशी उचललेली. एक आणि दोन नंबरमध्ये मी स्वतः साइटवर होतो म्हणून कोअर काढला गेला. तिसऱ्या दिवशी मी नव्हतो. तिने लॉगमध्ये लिहिलं: ‘३.४ मी., कठीण खडक, N = ३७५, बोअर समाप्त.’ केसिंग उपसलं आणि रिग चार नंबरकडे गेली.

३७५ हा आकडा त्रैराशिकाने आला होता. ४ सेंटीमीटरला ५०, तर ३० सेंटीमीटरला ३७५. असा आकडा लॉगमध्ये कधी लिहू नये. ‘५० ठोके, ४ सेंमी’ एवढंच लिहावं, कारण तेवढंच घडलेलं असतं. उरलेले २६ सेंटीमीटर कोणी ठोकलेलेच नाहीत, आणि या प्रकरणात नेमकं तेच महत्त्वाचं होतं.

शंका कुठून आली

संध्याकाळी तिने तिन्ही लॉगचे फोटो पाठवले. खोल्या वाचल्या तर ५.०, ५.३ आणि ३.४. पहिल्या नजरेला वाटलं, खडक जरा वर आला असेल. बेसाल्टमध्ये तसं होतं. लाव्हाचे थर असले तरी त्यांचा माथा झिजून वरखाली झालेला असतो. मी तिला फोन करून विचारलं, “तिन्ही ठिकाणची जमीन एका पातळीवर आहे का?”

“नाही सर, नाल्याकडे उतार आहे.”

“मग खोलीवरून नको, पातळीवरून बोल.”

लेव्हल घेतलेली होती, फक्त लॉगवर उतरवलेली नव्हती. तिने रात्री कागदावर आडवा छेद काढला. एक नंबरची जमीन १००.००, म्हणजे रिफ्युजल ९५.०० वर. दोन नंबरची जमीन ९९.८०, रिफ्युजल ९४.५०. तीन नंबरची जमीन ९९.२०, रिफ्युजल ९५.८०. जमीन नाल्याकडे उतरते आहे आणि ‘खडक’ मात्र नाल्याकडे चढतो आहे, असं ते चित्र होतं. पाण्याने शतकानुशतकं कापलेल्या बाजूलाच खडक सगळ्यात उंच कसा?

नाल्याकाठी कठीण बेसाल्टचा एखादा टप्पा उभा राहू शकतो, तेव्हा एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण हा प्रश्न पडल्यावर बोअर बंद करता येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे लॉग आहे तसा ठेवणं. कराराप्रमाणे काम पूर्ण होतं, पैसे वाचत होते. चुकलो तर काय होईल, याचा हिशेब मी तिलाच करायला लावला. नाल्याकडच्या एका कॉलमचा भार साधारण १२० टन होता. मऊ खडकाला चौरस मीटरला ६० टन धरले तर २ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १.४ बाय १.४ मीटरचा फूटिंग पुरतो. प्रत्यक्षात तो फूटिंग एका धोंड्यावर बसला आणि धोंड्याखाली चौरस मीटरला १५ टन झेपणारी माती असेल, तर लागणारं क्षेत्र ८ चौरस मीटर. म्हणजे माती चौपट भाराखाली जाणार. धोंडा फूटिंगपेक्षा लहान असेल तर आणखी वाईट. मधोमध कठीण, कडांना मऊ, अशी बैठक मिळून फूटिंग कलतो. आणि शेजारचे कॉलम खऱ्या खडकावर असल्यामुळे हा एकटा खचतो, तेव्हा तडे भिंतींत दिसतात.

दुसरा पर्याय होता बोअर दोन-तीन मीटर सरकवून पुन्हा ठोकून बघणं. स्वस्त आणि लवकर होणारा. पण तिथेही रिफ्युजल आलं असतं तर आपण पुन्हा तिथेच, फक्त दोन ‘खडक’ घेऊन. धोंडे बहुधा एकटे नसतात. तिसरा, डायमंड बिट लावून त्या कठीण वस्तूच्या आरपार जाणं. चौथा, शेजारी पोकलेनने चाचणी खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहणं. भूकंपीय किंवा विद्युत सर्वेक्षणाचाही विचार झाला, पण एवढ्याशा भूखंडावर, तेही एका ठिकाणच्या मीटरभराच्या शंकेसाठी, त्याची गरज वाटली नाही.

आम्ही आधी कोअर, मग खड्डा असं ठरवलं. मामा नाराज झाले. रिग परत लावायची म्हणजे त्यांचा अर्धा दिवस जाणार आणि करारात त्याचे पैसे नव्हते. नाराजी रास्त होती. ते पैसे वेगळे मंजूर करून घेतले तेव्हाच काम हललं.

पुन्हा तीन नंबरवर

केसिंग काढल्यामुळे जुनं भोक ढासळलं होतं. अर्धा मीटर बाजूला नवं घेतलं, नाव ३-अ. तिथे रिफ्युजल आलं ३.५५ मीटरवर. अर्ध्या मीटरच्या अंतरात १५ सेंटीमीटरचा फरक. खडकाचा माथाही खडबडीत असतो, पण गोलसर वस्तूच्या खांद्यावर बिट उतरलं तर नेमकं असंच होतं. तिने ते टिपून ठेवलं.

मग कोअर बॅरल लावलं. ३.५५ ते ४.२५ या ७० सेंटीमीटरमध्ये ६४ सेंटीमीटर कोअर मिळाला. काळा, घट्ट, वाजवला तर ठणठणीत. दहा सेंटीमीटरहून लांब तुकडे जोडले तर ६१ भरले, म्हणजे आरक्यूडी सुमारे ८७ टक्के. मामांनी तो हातात घेऊन तिच्यापुढे धरला. “बघा मॅडम, आता तरी पटलं? असा दगड नाशिकात पायाला मिळाला की देव पावला.”

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच होती. रिफ्युजलवर शंका घेणारी माणसंही इथे थांबतात. कोअर इतका देखणा असतो की पेटीत ठेवून फोटो काढला की अहवाल पुरा झाल्यासारखं वाटतं. पण चांगल्या धोंड्याचा कोअर चांगलाच येणार. धोंडा हा खडकाचाच तुकडा असतो. मुळात घट्ट होता म्हणून तर तो गोल होऊनही टिकला. आरक्यूडी दगडाची प्रत सांगतो. तो दगड जागेवरचा आहे की वाहून आलेला, हे त्यातून कळत नाही, आणि ७० सेंटीमीटरवर काढलेल्या आरक्यूडीला तर अर्थच नाही. म्हणून सहसा किमान ३ मीटर सलग कोअर काढल्याशिवाय खडक सिद्ध झाला असं मानत नाहीत. परिसरात त्याहून मोठे धोंडे दिसत असतील तर ३ मीटरही पुरत नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याशी तसे दिसतात.

मी फोनवर एवढंच म्हणालो, “चालू ठेव.”

४.२५ मीटरला रॉड आपल्याच वजनाने २० सेंटीमीटर खाली बसले. त्याच क्षणी भोकातून परत वर येणारं ड्रिलिंगचं पाणी, जे इतका वेळ राखाडी होतं, ते पिवळट तपकिरी झालं. तिने घड्याळ पाहून दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. पुढच्या ६५ सेंटीमीटरच्या फेरीत हाती आले ११ सेंटीमीटरचे तुकडे. बाकीचं पाण्याबरोबर वाहून गेलं. ४.९ मीटरवर एसपीटी घेतली तर N आला १४. ज्या खोलीला ‘कठीण खडक’ संपायलाच नको होता, तिथे नळी आरामात माती भरून वर आली. वाळूमिश्रित चिकणमाती, त्यात बारीक गोटे आणि चुनखडीचे पांढरे खडे.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाण्याचा रंग बदलला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.” आलं असेलही. पण लॉगमध्ये लिहायची सवय त्यांना कोणी लावली नव्हती.

५.६ मीटरला आणखी ४० सेंटीमीटरचा एक दगड लागला. तोही पार केला. ६.६ मीटरवर, म्हणजे ९२.६० पातळीवर, मऊ खडक आला आणि तिथून पुढे ३ मीटर सलग कोअर मिळाला. आधी ५५ टक्के, मग ९० च्या वर. खरा खडक पहिल्या लॉगपेक्षा ३.२ मीटर खाली होता.

कोअरच्या पेटीतली गंमत

हा भाग लहान आहे, पण सांगायलाच हवा. संध्याकाळी मी साइटवर गेलो आणि पेटी उघडली, तर कोअर सलग दिसत होता. मदतनीस मुलाने व्यवस्थितपणाच्या भरात ६४ सेंटीमीटरला ११ सेंटीमीटरचे तुकडे, त्यांना पुढच्या दगडाचा कोअर, असं सगळं एकमेकांना भिडवून ठेवलं होतं. फोटो पाहणाऱ्याला वाटलं असतं, मीटरभराहून जास्त अखंड बेसाल्ट. हरवलेल्या कोअरची जागा पेटीत मोकळी राहायला हवी. तिथे तेवढ्या लांबीचा लाकडी गुटका घालून त्यावर खोली लिहायची असते. तिने रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळे तुकडे पुन्हा लावले आणि गुटके घातले. तेव्हा पेटीत पोकळ्या दिसू लागल्या, आणि त्या पोकळ्या पाहूनच पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरला काही समजावून सांगावं लागलं नाही.

गुटके घालताना तिनेच एक गोष्ट दाखवली. वरच्या ६४ सेंटीमीटर कोअरच्या दोन्ही टोकांना बोटभर जाडीची तपकिरी कड होती. सांध्यातून पाणी मुरलं की खडकालाही अशी कड येते, पण वर आणि खाली दोन्हीकडे, आणि तीही किंचित वळलेली, म्हणजे त्या वस्तूला सगळ्या बाजूंनी कातडी आहे.

खड्डा

धोंडा आहे हे कळलं. कसला धोंडा, हे कळायचं होतं. कारण आमच्या भागात त्याच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

पहिली जात जागेवरच तयार होते. बेसाल्टला उभ्याआडव्या भेगा असतात. भेगांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, आणि कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे सुटत जाऊन मधे घट्ट गाभा उरतो. लासलगावच्या मुलखात ही उपमा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हे गाभे मुरमात तरंगत असल्यासारखे दिसतात, पण ते हललेले नसतात. भोवतालचा मुरूम त्याच दगडाचा असतो आणि खाली जाऊ तसे गाभे दाट होत खडक लागतो. दुसरी जात पाण्याने आणलेली. तिच्याभोवती काहीही असू शकतं, आणि तिच्याखाली गाडला गेलेला जुना प्रवाह असू शकतो. तसं असेल तर प्रश्न एका बोअरचा राहत नाही, पट्ट्याचा होतो.

पोकलेनने ४.५ मीटरचा खड्डा घेतला. त्यात तीन धोंडे निघाले, सगळ्यात मोठा सव्वा मीटरचा. कांद्याचे पापुद्रे एकालाही नव्हते, अंग गुळगुळीत. एक काळा घट्ट बेसाल्ट. दुसरा बारीक भोकांचा, आणि भोकांत झिओलाइटची पांढरी स्फटिकं, पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतून निघतात तशी. दोन वेगळ्या लाव्हाप्रवाहांचे दगड एकाच खड्ड्यात शेजारी पडलेले. जागेवरच्या खडकात हे होत नाही. तिला ते माझ्या आधी दिसलं. “सर, हे दोघं एका गावचे नाहीत,” ती म्हणाली.

म्हणजे नाला पूर्वी या भूखंडातून वाहत होता.

काय केलं, काय निष्पन्न झालं

त्या दिशेने दोन जादा बोअर घेतले, दोन्हींत खडक सिद्ध होईपर्यंत. जुन्या पात्राचा पट्टा भूखंडाच्या कोपऱ्यातून तिरका जात होता आणि त्यावर पाच कॉलम येत होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाइलचा विचार केला, पण धोंड्यांतून पाइलचं भोक नेणं म्हणजे प्रत्येक धोंड्यावर छिन्नी चालवत बसणं, आणि धोंड्याच्या उतरत्या अंगावर भोक सरळ राहत नाही. शेवटी पाचही कॉलमांसाठी मिळून एकच मोठा उताराच्या कडांचा खड्डा घेऊन ९२.६० च्या आसपास मऊ खडक गाठायचा आणि तिथून फूटिंगच्या पातळीपर्यंत साधं काँक्रीट भरायचं ठरलं. काम मे महिन्यात उरकलं, पाणी खाली असताना. तरी दोन पंप सतत चालवावे लागले आणि नाल्याकडची कड एकदा ढासळली. तेव्हा खाली कोणी नव्हतं, हे नशीब.

मालकाचा खर्च वाढला. “तुम्ही खोदलं नसतं तर हे निघालंच नसतं,” असं त्यांनी एका बैठकीत मला ऐकवलं. यावर मी छेदाचा कागद पुढे केला, आणखी काही बोललो नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रशिक्षणार्थीने रिग हलवण्याआधी फोन करायला हवा होता, हे खरं. पण तिच्या हातातल्या कागदाप्रमाणे ती बरोबर होती. चूक कराराच्या ओळीत होती. आता मी ‘रिफ्युजलपर्यंत’ असं लिहीत नाही. ‘रिफ्युजलनंतर किमान ३ मीटर सलग कोअर; मधे रॉड खाली बसले, पाण्याचा रंग बदलला किंवा कोअरचं प्रमाण एकदम घटलं तर ३ मीटरची मोजणी नव्याने सुरू’ असं लिहितो. कोअरचा दर मातीतल्या दरापेक्षा वेगळा लिहितो आणि रिग परत आणण्याचाही दर टाकतो. नाहीतर मामांनी खडक लागला म्हणायचं आणि आपण मान डोलवायची, हे चालूच राहतं.

नाल्याजवळच्या भूखंडात बोअरच्या आधी आजूबाजूला फिरून यायला हवं होतं. त्या नाल्याच्या पात्रात तसेच गुळगुळीत धोंडे उघडे पडले होते. रोज साइटवर जाताना आम्ही त्यांच्यावरूनच गाडी घालत होतो. आणि पहिल्याच दिवशी खड्डा घेतला असता तर वरचा धोंडा तासाभरात दिसला असता. मात्र पोकलेन साडेचार मीटरच्या फार खाली पोचला नसता, त्यामुळे ६.६ चा खडक शोधायला बोअर लागलाच असता.

एक गोष्ट मला अजून सलते. दोन नंबरमध्ये आम्ही ३ मीटर नव्हे, दीड मीटरच कोअर काढला होता. मी साइटवर होतो, कोअर छान होता, दुपार झाली होती. तीन नंबरचा प्रकार उघड झाल्यावर ती मला न विचारता दोन नंबरची पेटी घेऊन बसली, वळलेली कड कुठे दिसते का ते पाहत. दिसली नाही. तरीही तिने मामांना सांगून रिग तिथे परत लावली आणि उरलेला दीड मीटर काढला. तो खडकच होता. लॉगच्या शेऱ्यात तिने लिहिलं: ‘प्रथम थांबलो तेव्हा खडक सिद्ध झालेला नव्हता.’ मी त्या शेऱ्याखाली सही केली.